तुझी, तुमची, आपली : पत्राखालच्या एका ओळीविषयी

पत्राची शेवटची ओळ लिहिताना मराठी माणूस सहसा थांबत नाही. मजकूर संपतो, 'कळावे' लिहून होतं, त्याखाली 'तुझा' किंवा 'तुझी' आणि मग नाव. ज्याच्या कानावर जन्मापासून मराठी पडली आहे त्याला या ओळीचा नियम विचारला, तर बहुधा सांगता येणार नाही, आणि तरीही त्याची ओळ चुकणार नाही. अडखळतात ते वेगळेच लोक. नोकरीनिमित्त महाराष्ट्रात येऊन मराठी शिकलेले, इंग्रजी शाळेत शिकून आजीला पहिल्यांदाच मराठीत चार ओळी लिहू पाहणारी नातवंडं, परदेशात वाढलेल्या घरांतली मुलं. सगळं पत्र व्यवस्थित लिहून ती मंडळी नेमकी सहीच्या वर चुकतात. मजकुरातली चूक वाचणारा पोटात घालतो आणि पुढे जातो. ही चूक मात्र थेट नावाला चिकटलेली असते, त्यामुळे ती दिसल्याशिवाय राहत नाही.

पुढच्या पानांत नमुन्याची पत्रं आहेत. ती वाचण्याआधी ही ओळ कशी बनते ते एकदा नीट पाहून घ्यावं, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू. वरचा मायनाही सोबत पाहावा लागेल, कारण खालच्या ओळीचा अर्धा निर्णय तिथेच झालेला असतो.

'तुझी' हा शब्द दोन माणसांकडून बनतो. 'तुझ्' एवढा भाग पत्र वाचणाऱ्याकडून येतो आणि शेवटचा 'ई' पत्र लिहिणारीकडून. वाचणारा जवळचा असेल तर तुझ्, मानाचा असेल तर तुमच्, त्याहून अंतर राखायचं असेल तर आपल्. हे ठरवताना लिहिणारा पुरुष आहे की स्त्री याचा काही संबंध नाही. उलट, शेवटी आ लावायचा की ई, हे ठरवताना वाचणारा कोण आहे याचा काही संबंध नाही. मुलगा आईला लिहो नाहीतर बहिणीला, तो 'तुझा'च राहतो. मुलगी भावाला लिहो नाहीतर मैत्रिणीला, ती 'तुझी'च.

कारण साधं आहे. 'तुझा मुलगा', 'तुझी मुलगी', 'तुझं घर' असं आपण म्हणतो तेव्हा तुझा-तुझी-तुझं हे पुढच्या नामाकडे बघून बदलतं, मालकाकडे बघून नाही. घर आईचं असो वा बाबांचं, घर हे 'तुझं'च. पत्राखाली पुढचं नाम म्हणजे सही करणारा माणूस स्वतः. 'तुझी' या शब्दानंतर कधी 'मुलगी', 'ताई' किंवा 'मैत्रीण' लिहिलेलं असतं, कधी नसतं, पण नसलं तरी ते मनात असतंच. म्हणून शंका आली की तिथे नातं घालून पाहावं. 'तुझा मैत्रीण' जिभेवर येतच नाही, त्यामुळे 'तुझा' की 'तुझी' हा प्रश्न मिटतो. शिकणाऱ्यांना मी हीच युक्ती सांगतो. पत्रात शेवटी ते नातं ठेवा किंवा खोडून टाका, लिंग आधीच ठरलेलं असतं.

ज्यांच्या डोक्यात इंग्रजी पक्की बसली आहे ते मालकाकडे बघतात. आईला लिहिणारा मुलगा मनात म्हणतो, आई स्त्री आहे, म्हणून 'तुझी', आणि खाली स्वतःचं मुलाचं नाव घालतो. हिंदी बोलणारा सहसा ही चूक करत नाही, कारण 'तुम्हारा-तुम्हारी' हेही सही करणाऱ्याप्रमाणेच बदलतं. तो अडखळतो नपुंसकलिंगापाशी, जे हिंदीत नाही. त्याकडे पुढे येऊच.

दोन माणसं आणि दोन लिंगं यांची सर्वांत स्वच्छ फारकत कार्यालयीन पत्रात दिसते. तिथे वर 'महोदय' किंवा 'महोदया' असतं आणि खाली 'आपला' किंवा 'आपली'. वरचं लिंग वाचणाऱ्याचं, खालचं लिहिणाऱ्याचं. विद्यार्थिनीने मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज केला तर वर 'महोदय' आणि खाली 'आपली विद्यार्थिनी'. विद्यार्थ्याने मुख्याध्यापिकेला केला तर वर 'महोदया' आणि खाली 'आपला विद्यार्थी'. शाळेच्या वह्या तपासताना सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे या दोन ओळी एकमेकींशी जुळवण्याची. वर 'महोदया' लिहिलं म्हणून मुलगा खाली 'आपली' लिहितो. त्याला वाटतं पत्राला एकच लिंग असतं. तपासणारा लाल शाईने काना काढून देतो, पण दोन टोकांना दोन वेगळी माणसं उभी आहेत हे सांगायचं राहून जातं, म्हणून पुढच्या अर्जात तीच चूक पुन्हा होते.

छापील अर्जांनी यावर आपला तोडगा काढला आहे. 'आपला/आपली' किंवा आणखी काटकसरीने 'आपला/ली', आणि नको ते खोडा. पण अजूनही अनेक ठिकाणी नुसतं 'आपला विश्वासू' छापलेलं असतं आणि बाई पेनाने काना खोडून वेलांटी काढते. 'विश्वासू' मात्र तिला खोडावं लागत नाही, कारण मराठीत बदलतं ते आकारान्त विशेषण. लाडका-लाडकी, धाकटा-धाकटी बदलतात, पण विश्वासू, नम्र, आज्ञाधारक, स्नेहांकित, कृपाभिलाषी हे शब्द दोघांनाही तसेच चालतात. संस्कृतच्या वळणाने 'भवदीय'चं 'भवदीया' करणारे भेटतात, आणि 'विनीत'चं 'विनीता' केलेलंही दिसतं. ते चूक नाही, पण 'आपली नम्र' एवढं लिहूनही स्त्रीने लिहिल्याचं पुरेसं कळतं. 'आपली'ने जे सांगून झालं ते विशेषणाने पुन्हा सांगायची गरज नाही असं माझं मत.

आता घरातल्या पत्रांकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. तिथे नियमासोबत घराची बोली येते.

आई मुलाला लिहिते तेव्हा 'तुझी आई'. बाबा लिहितात तेव्हा दोन रूपं दिसतात, 'तुझा बाबा' आणि 'तुझे बाबा'. आजी 'तुझी आजी' लिहिते, पण आजोबा जवळजवळ नेहमी 'तुझे आजोबा' लिहितात. याचा अर्थ आजोबा स्वतःला मान घेतात असा नाही. नातवाच्या तोंडी आजोबांसाठी 'अहो' आहे आणि आजीसाठी 'अगं' आहे, आणि सही करणारा नातवाच्या तोंडचंच नाव वापरतो. 'आजोबा आले' हे आदरार्थी अनेकवचन सहीत येताना 'तुझे' होऊन येतं. मामाला बहुतेक घरांत 'ए मामा' म्हणतात, म्हणून 'तुझा मामा'. काकांना काही घरांत 'अहो काका' आणि काही घरांत 'ए काका', म्हणून 'तुझे काका' आणि 'तुझा काका' दोन्ही. वडिलांना पूर्वी सर्रास 'अहो' म्हणत. आता पुष्कळ घरांत 'अरे बाबा' झालं आहे आणि त्यासोबत सहीही 'तुझे'ची 'तुझा' झाली आहे. जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात वडिलांची पत्रं आणि त्याच मुलाने पुढे आपल्या मुलाला लिहिलेली पत्रं शेजारी ठेवली, तर घरातला हा बदल सहीच्या एका मात्रेत सापडतो.

एक उदाहरण सगळे फाटे फोडून पाहू. कॉलेजसाठी पुण्यात राहणारी मुलगी सांगलीच्या मामाला पत्र लिहिते. मामाला ती 'ए मामा' म्हणते, मामीला 'अहो मामी'. जुन्या वळणाचा मायना घ्यायचा तर आईवडिलांना 'तीर्थरूप' आणि त्यांच्या ठिकाणी मानायच्या वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', अशी शाळेत शिकवलेली विभागणी होती. म्हणून मामाला 'ती. स्व. मामास, शि. सा. न.', म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार. (दंडवत घालायची रीत पुरुषांची, बायका वाकून नमस्कार करत. पण कागदावर शाळेने मुलामुलींना एकच 'शि. सा. न.' दिला. नमस्कारात लिंग आणायचं कुणाला सुचलं नाही.) आजची मुलगी 'प्रिय मामा' लिहील. दोन्ही ठीक. मजकुरात 'तू' येईल, कारण ती त्याला 'तू' म्हणते. खाली 'तुझी भाची' किंवा 'तुझी' आणि घरचं नाव.

तेच पत्र तिने मामीला लिहिलं तर मजकुरात 'तुम्ही' आणि खाली 'तुमची'. इथपर्यंत सोपं आहे. पण पत्र दोघांना मिळून असेल तर? वर 'मामा-मामी', खाली 'तुमची'. हे 'तुमची' मामीच्या मानामुळे आलं की दोघं आहेत म्हणून आलं, हे वेगळं काढता येत नाही, आणि काढायची गरजही नाही. मात्र मजकुराच्या मध्येच ती एकट्या मामाला उद्देशून 'तू लग्नाला नक्की ये' असं लिहील, तर त्या वाक्यापुरतं 'तू' आणि बाकी 'तुम्ही' हे बरोबरच आहे. चूक होते ती उलट दिशेने. मामा मनात असतो म्हणून खाली 'तुझी' पडतं आणि मामी पत्रातून गळून जाते. अशी ओळ वाचून मामी काही बोलत नाही. तिला ते दिसतं मात्र नक्की.

आता त्याच पत्रावर तिच्या भावानेही सही केली असं समजा. एकाच ओळीत भाऊ आणि बहीण. 'तुमचा' चालणार नाही, 'तुमची' एकटीचं होईल. इथे नपुंसकलिंग मदतीला येतं. मुलगा आणि मुलगी मिळून मराठीत 'मुलं' होतात, आणि 'मुलं'ला 'तुमची'. म्हणून 'तुमची भाचरं' किंवा 'तुमची मुलं'. ही 'तुमची' दिसायला एका मुलीच्या 'तुमची'सारखीच आहे, पण ती नपुंसकलिंगी अनेकवचनाची आहे. दोघी बहिणींनी लिहिलं तर 'तुमच्या भाच्या', दोघा भावांनी लिहिलं तर 'तुमचे भाचे'. आईबाबांनी मिळून मुलाला लिहिलं तर 'तुझे आई-बाबा', तिथे मान आणि अनेकवचन एकत्र येतात. बाहेरच्या माणसाला 'तुझी' आणि 'तुझ्या' यांतला फरक फार बारीक वाटतो, आणि नुसती सही बघून तो कळतही नाही. म्हणून दोघांनी मिळून लिहायचं असेल तर नातं खोडू नये, ठेवावं. 'तुझ्या' हा शब्द खाली एकटा उभा राहिला तर अपुरा दिसतो.

मंडळाच्या आणि संस्थेच्या पत्रांत हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. पत्र संस्थेच्या नावाने असेल तर 'मंडळ' नपुंसकलिंगी म्हणून 'आपले', 'समिती' स्त्रीलिंगी म्हणून 'आपली'. पण प्रत्यक्षात खाली सचिवाची सही असते आणि 'आपला' की 'आपली' हे सचिव कोण आहे त्यावर ठरतं. कार्यालयात पत्राचा मसुदा लिपिक तयार करतो, जुन्या पत्रावरून नक्कल करतो आणि बाईंच्या सहीवर 'आपला' राहून जातो. लग्नपत्रिकेत हा घोळ होत नाही, कारण तिथे सही करणारं जोडपं असतं आणि 'आपले' हे अनेकवचनच लागतं.

नातं खोडल्याने काय होतं याकडे तरुण वाचकांनी विशेष लक्ष द्यावं. 'आपला' एकटा लिहिला तर तो औपचारिक दिसतो, कुठल्याही कचेरीत चालतो. 'तुमचा' एकटा लिहिला तर जरा मोकळा होतो. 'तुझी' एकटी लिहिली तर मात्र ती कुणाला लिहिली यावर सगळं अवलंबून आहे. मैत्रिणीला लिहिलेल्या पत्राखाली 'तुझी' म्हणजे फक्त जिव्हाळा. वर्गातल्या मुलाला लिहिलेल्या पत्राखाली तीच 'तुझी' वेगळी वाचली जाते, आणि वर 'च' जोडून 'तुझीच' केली की शंकाच उरत नाही. म्हणून 'तुझी मैत्रीण' हे काही वेळा जवळीक दाखवण्यासाठी लिहिलेलं नसतं, मर्यादा आखण्यासाठी लिहिलेलं असतं. पूर्वी नवऱ्याला बायको 'तुमची' लिहीत असे आणि त्याखाली नावही घालायला संकोचत असे. आज ती 'तुझी' लिहिते. हा बदल मला मायन्यातल्या कुठल्याही बदलापेक्षा मोठा वाटतो.

मायन्यातलं लिंग नेहमी वाचणाऱ्याचं असतं आणि बायकांच्या बाबतीत ते लिंगावर थांबत नाही. पुरुषाला 'श्री.' पुरतं. बाईला लिहिताना सौ., कु., श्रीमती, गं. भा. यांतून निवड करावी लागते, म्हणजे ती लग्नाची आहे की नाही, नवरा आहे की गेला, हे पाकिटावर जाहीर करावं लागतं. 'गं. भा.' म्हणजे गंगा भागीरथी. विधवांसाठी हे संबोधन वापरावं असा प्रस्ताव २०२३ साली महाराष्ट्रात पुढे आला तेव्हा त्यावर मोठी टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. ज्याला यातलं काहीच सांगायचं नाही त्याने 'श्रीमती' लिहावं किंवा नुसतं 'प्रिय' आणि नाव. 'प्रिय' हा सोयीचा शब्द आहे, तो स्त्रीपुरुष बघत नाही आणि वयही फारसं बघत नाही. सुनीता देशपांडे यांच्या जी. ए. कुलकर्णींना लिहिलेल्या पत्रांच्या पुस्तकाचं नावच 'प्रिय जी. ए.' आहे. सहीत मात्र एक उलटा प्रकार दिसतो. कोणताही जाणता पुरुष स्वतःच्या सहीआधी 'श्री.' लिहीत नाही, पण बायका स्वतःच्या सहीआधी 'सौ.' लिहीत आल्या आहेत. 'आपली' या शब्दाने स्त्री असल्याचं सांगून झाल्यावर लग्न झाल्याचंही सांगायचं, हे जरा जास्तच होतं.

खाली 'आपला' लिहून सही करण्याची ही पद्धत तशी जुनी नाही. पेशवाईतल्या पत्रांत लिहिणाऱ्याचं नाव वरच येई. अमक्याचे सेवेसी, सेवक अमुक, कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, अशी सुरुवात. शेवट 'बहुत काय लिहिणे, हे विनंती' असा, किंवा वडीलकीच्या माणसाकडून 'जाणिजे' असा. त्या शेवटात लिहिणाऱ्याचं लिंग सांगणारा एकही प्रत्यय नाही. इंग्रजी अमदानीत कचेरीच्या पत्रांचा साचा बदलला, नाव खाली आलं, आणि नावाच्या वर लिहिणाऱ्याचं वाचणाऱ्याशी नातं सांगणारा शब्द हवा झाला. 'आपला आज्ञाधारक' आणि 'आपला विश्वासू' हे त्या काळाचे पाहुणे. मायन्यातला 'कृ. सा. न. वि. वि.' मात्र बराच काळ वर तसाच राहिला, त्यामुळे कित्येक पत्रांचं डोकं पेशवाईतलं आणि पाय कचेरीतले, असा प्रकार झाला. 'स. न. वि. वि.' तर अजूनही दिसतो, आणि लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना त्याचं पूर्ण रूप 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' असं सांगता येत नाही.

लिहिणाऱ्या हाताचं लिंग मोजायचं नाही, सहीचं मोजायचं, हेही इथेच सांगतो. लिहिता न येणाऱ्या माणसांची पत्रं टपाल कचेरीबाहेर बसलेले लेखनिक लिहून देत. गावाकडच्या आईसाठी लिहिणारा लेखनिक पुरुष असला तरी तो खाली 'तुझी आई' असंच लिहीत असे. आज नातू आजीसाठी मोबाइलवर टाइप करतो तेव्हाही तेच. त्याने चुकून 'तुझा' टाइप केलं तर ते आजीचं पत्र राहत नाही.

कोल्हापूरकडच्या वाचकांसाठी एक खुलासा. त्या भागात बायकाही 'मी आलो', 'मी जातो' असं बोलतात, आणि त्या बोलीत ते अगदी सहज आहे. पण तीच बाई पत्राखाली 'तुझी' लिहिते, 'तुझा' नाही. क्रियापद पुल्लिंगी आणि सही स्त्रीलिंगी, असं पत्र तिकडून आलं तर त्यात चूक शोधू नये. पुस्तकी मराठीत लिहायचं असेल तर क्रियापदही 'आले', 'जाते' करावं. बोलीतच लिहायचं असेल तर दोन्ही जसंच्या तसं ठेवावं.

शेवटी ज्यांना लिंग सांगायचंच नाही त्यांच्याविषयी. निनावी तक्रार असेल, वृत्तपत्राला टोपणनावाने लिहायचं असेल, किंवा आपण 'तुझा'ही नाही आणि 'तुझी'ही नाही असं एखाद्याला मनापासून वाटत असेल. मराठीत हे कठीण आहे, पण अशक्य नाही. मजकुरात 'मी गेलो-गेले', 'मी म्हणतो-म्हणते' ही रूपं टाळावी लागतात. 'मी पाहिलं', 'मी वाचलं' यांत पुढच्या कर्माप्रमाणे क्रियापद बदलतं, म्हणून ते चालतं. 'मी लिहीन', 'मी येणार आहे', 'मी पाठवत आहे', 'मला वाटतं' हेही चालतं. अर्जांमध्ये 'विनंती करतो' ऐवजी 'विनंती करीत आहे' किंवा नुसतं 'ही विनंती' लिहिलं की काम होतं. खाली 'आपला' आणि 'आपली' दोन्ही गाळून 'कळावे' किंवा 'स्नेहांकित' आणि त्याखाली नाव. 'स्नेहांकित' तेवढं जरा जुनं वाटतं. 'नम्र' चालतं, पण तक्रारीच्या पत्राखाली ते कुणाला रुचेल असं नाही, आणि अशा पत्रात नुसतं नाव पुरतं. नावावरून मात्र बहुधा कळतंच, त्यामुळे ज्याला खरोखर लपायचं आहे त्याने आडनाव आणि आद्याक्षर एवढंच ठेवावं.